आवाज न फुटणारी स्वप्नं

बर्लिनमधल्या एका बाईला स्वप्न पडलं. शहराच्या प्रत्येक नाक्यावर फलक लागले आहेत आणि काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत वीस शब्दांची यादी आहे. हे शब्द यापुढे कुणी उच्चारायचे नाहीत. यादीतला पहिला शब्द 'प्रभू', शेवटचा शब्द 'मी'. मधले शब्द जाग आल्यावर तिला आठवेनात. पहिला शब्द तर तिने स्वप्नातसुद्धा जर्मनमध्ये पाहिला नव्हता. उगाच धोका नको म्हणून तो तिला इंग्रजीत दिसला होता.

हे स्वप्न हिटलर सत्तेवर आल्यानंतरच्या जर्मनीतलं. शार्लोटे बेराट नावाच्या पत्रकार स्त्रीने ते टिपून ठेवलं. तिच्याकडे अशी सुमारे ३०० स्वप्नं जमा झाली होती. या बाईंकडे आपण थोड्या वेळाने येऊ. आधी आपल्या घरातल्या स्वप्नांबद्दल.

आपली स्वप्नं साधी असतात, पण जात तीच. दारात चोर उभा आहे, ओरडायचंय, तोंड उघडतं आणि नुसती हवा बाहेर येते. फोन लागतो, पलीकडून 'हॅलो, कोण बोलतंय?' ऐकू येतं, आपण जिवाच्या आकांताने सांगतोय आणि पलीकडचा माणूस वैतागून फोन ठेवून देतो. आई गर्दीत पुढे चालली आहे, हाका मारून घसा सुकला, ती वळत नाही. काहींच्या तोंडात च्युइंगगमसारखा चिकट गोळा येतो. तो ओढून काढावा तर संपत नाही आणि समोर अख्खी मीटिंग उत्तराची वाट बघत बसलेली असते. नीट पाहिलं तर ही दोन वेगळी स्वप्नं आहेत. एकात आवाजच नसतो. दुसऱ्यात आवाज असतो, पण तो कुणापर्यंत पोचत नाही.

स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या स्वप्नफलाच्या पुस्तिकांत साप, पाणी, पडलेले दात यांचे अर्थ तयार मिळतात. विज्ञानाची आवड असलेली माणसं दुसऱ्या टोकाला जाऊन 'झोपेत स्नायू बंद असतात, बाकी काही नाही' असं सांगून मोकळी होतात. या दुसऱ्या उत्तरात पुष्कळ तथ्य आहे, म्हणून आधी तेच बघू.

१९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिलं की रात्रीच्या झोपेत ठरावीक अंतराने एक वेगळीच अवस्था येते. मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर फिरतात, मेंदू जवळजवळ जागेपणाइतका गजबजलेला असतो आणि या वेळी माणसाला उठवलं तर तो बहुतेकदा स्वप्न सांगतो. इंग्रजी आद्याक्षरांवरून या झोपेला 'रेम' म्हणतात. साधारण दर दीड तासाने ती येते आणि पहाटेकडे तिचा मुक्काम लांबत जातो. पुढे फ्रान्समधल्या लियाँ शहरात मिशेल जुव्हे यांनी मांजरांवर प्रयोग करताना आणखी एक गोष्ट पाहिली. रेम झोपेत मांजराच्या मानेचे स्नायू पूर्ण सैल पडत. मेंदूच्या देठातला एक छोटा भाग निकामी केला की मात्र तेच मांजर झोपेतच उठे, दबा धरे, नसलेल्या उंदरावर झडप घाले. स्वप्नातल्या आज्ञा स्नायूंपर्यंत जाऊ नयेत म्हणून मेंदूनेच तिथे बांध घातलेला असतो, तो या मांजरांत फुटला होता.

हा बांध रोज रात्री आपल्यालाही घातला जातो. डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासाचा पडदा यांना सूट असते. बाकी शरीर सैल. आता ओरडण्याला काय काय लागतं ते पाहा. बरगड्यांच्या आणि पोटाच्या स्नायूंनी छातीतली हवा जोराने वर ढकलावी लागते, स्वरतंतू जवळ आणून ताणावे लागतात, मग जबडा, जीभ, ओठ. पडदा एकटा श्वास चालू ठेवतो, पण किंकाळी त्याच्या आवाक्याबाहेरची. त्यामुळे मेंदूने 'ओरड' अशी आज्ञा दिली तरी घशाकडून काही झाल्याची खबर परत येत नाही. स्वप्न अगदी जागेपणाच्या काठाशी आलेलं असेल, तर मेंदूला ही गैरहजेरी जाणवते आणि तो ती गोष्टीत ओवून टाकतो, असा तर्क आहे. मग घरच्यांना शेजारच्या अंथरुणातून जे ऐकू येतं ते 'उं… उं…' एवढंच असतं. आपल्या मते आपण वाडा दणाणून सोडलेला असतो.

हे पटण्यासारखं आहे. पण इथे एक अडचण उरते. शरीराचा बांध प्रत्येक रेम झोपेत असतो, मग प्रत्येक स्वप्न मुकं का नाही? एरवी स्वप्नात आपण भरपूर बोलतो. मेलेल्या आजोबांशी गप्पा मारतो, रिक्षावाल्याशी भांडतो, कधी भाषणही ठोकतो आणि त्या वेळी घशाचे स्नायू तितकेच सैल असतात. म्हणजे बांधामुळे आवाज अडकणं शक्य होतं, पण नेमका कुठल्या प्रसंगी, कुणासमोर अडकायचा, हे बांध ठरवत नाही.

काही लोकांचा बांध गळका असतो. ते झोपेत खरोखरच बोलतात आणि त्यांच्यामुळे आपल्याला पलीकडचं थोडं ऐकायला मिळतं. पॅरिसच्या एका मोठ्या रुग्णालयात झोपतज्ज्ञ इझाबेल आर्नुल्फ आणि सहकाऱ्यांनी झोपेत बोलणाऱ्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. २०१७ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले. बरंचसं बोलणं पुटपुटणं, कण्हणं, हसणं या जातीचं होतं. जे स्पष्ट कळलं त्यात वाक्यरचना ठीकठाक होती, समोरच्याच्या उत्तरासाठी थांबणंही होतं. सगळ्यांत जास्त वेळा आलेला शब्द होता 'नाही'. शिव्याही दिवसाच्या बोलण्याच्या मानाने जास्त होत्या. यातले बहुतेक लोक झोपेच्या विकारांचे रुग्ण होते, त्यामुळे हे सरसकट सगळ्यांना लावता येणार नाही. तरी रात्री तोंडातून निसटणारा पहिला शब्द नकाराचा असावा, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. फ्रॉइडने १९०० साली प्रसिद्ध झालेल्या स्वप्नमीमांसेत लिहिलं होतं की स्वप्नात हातपाय जखडल्यासारखे वाटतात तेव्हा ती एक प्रकारची 'नाही' असते. एक इच्छा पुढे ढकलते, दुसरी मागे ओढते. फ्रॉइडचं सगळंच मानायची गरज नाही, पण हे निरीक्षण मला अजूनही कामाचं वाटतं.

दिवसा दाबलेलं रात्री वर येतं, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. प्रयोगातून ते दिसतं का, हा प्रश्न वेगळा. डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि तरीही आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. २००४ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी हाच खेळ झोपेच्या दारात नेला. विद्यार्थ्यांनी ओळखीतली एक व्यक्ती मनात धरायची. मग झोपण्याआधी पाच मिनिटं काहींनी तिचा विचार कटाक्षाने टाळायचा, काहींनी मुद्दाम करायचा, काहींनी तिचं नाव एकदा घेऊन मनात येईल ते लिहायचं. सकाळी उठल्याबरोबर स्वप्न लिहून काढायचं. ज्यांनी विचार टाळला होता, त्यांच्या स्वप्नांत ती व्यक्ती जास्त आली. ती व्यक्ती आवडती होती की साधी ओळखीची, याने फरक पडला नाही. टाळण्याने पडला.

वेग्नरचं स्पष्टीकरण असं की विचार टाळायला मनाला दोन कामं करावी लागतात. एक, लक्ष दुसरीकडे वळवत राहणं. दुसरं, तो विचार परत आला का यावर पहारा ठेवणं. पहिल्या कामाला कष्ट लागतात आणि त्यासाठी लागणारा कपाळामागचा मेंदू रेम झोपेत मंदावलेला असतो. पहारेकरी मात्र जागाच राहतो. ज्याला शोधायचं त्याचं नाव घेत तो रात्रभर हिंडतो आणि नेमकं तेच नाव सगळ्यांच्या कानावर जातं.

या प्रयोगातून किती घ्यायचं याला मर्यादा आहे. व्यक्तीचा विचार टाळला तर ती स्वप्नात येते, एवढं त्यातून दिसतं. गिळलेल्या रागाचं मुक्या स्वप्नात रूपांतर होतं, हे काही त्यातून सिद्ध होत नाही. ते पाहायला प्रयोगशाळेबाहेर जावं लागतं. जिथे हजारो माणसांना एकाच वेळी, एकाच गोष्टीसाठी गप्प बसवलं गेलं अशी जागा शोधावी लागते. शार्लोटे बेराटने ती जागा आतून पाहिली होती.

बेराट १९०७ मध्ये जन्मलेली ज्यू पत्रकार. हिटलर जानेवारी १९३३ मध्ये चॅन्सेलर झाला आणि तिचं लिखाण छापणं बंद झालं. त्या काळात ती एका रात्री घामाघूम होऊन उठली. स्वप्नात तिचा पाठलाग झाला होता, गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, छळ झाला होता. तिच्या मनात आलं, शहरात आज रात्री असं स्वप्न पडलेली मी एकटीच थोडी असणार? मग ती विचारत सुटली. शिंपीण, शेजारी, मावशी, दूधवाला, मैत्रिणी. कशासाठी विचारतेय हे बहुतेकांना सांगायचं नाही. एका डॉक्टर मित्राने आपल्या रुग्णांकडून स्वप्नं गोळा करून दिली. टिपणं सांकेतिक भाषेत असत. पक्षाला 'कुटुंब', हिटलरला 'हान्सकाका', गोअरिंगला 'गुस्टावकाका' आणि अटकेला 'फ्लू'. एखाद्या साध्या घरगुती पत्रासारखं दिसणारं हे लिखाण ती कपाटातल्या पुस्तकांच्या बांधणीत लपवी. पुढे ते परदेशांतल्या वेगवेगळ्या पत्त्यांवर पाठवलं आणि १९३९ मध्ये ती स्वतः न्यूयॉर्कला निसटली. पुस्तक मात्र १९६६ मध्ये निघालं.

त्यातलं सर्वांत गाजलेलं स्वप्न साठीच्या एका कारखानदाराचं आहे. हिटलर सत्तेवर येऊन जेमतेम तीन दिवस झालेले. हा गृहस्थ जुना समाजवादी लोकशाहीवादी, कामगारांशी चांगले संबंध असलेला. स्वप्नात गोबेल्स कारखान्यात येतो. कामगार समोरासमोर दोन रांगांत उभे केले जातात. मालकाने मधोमध उभं राहून हात वर करून नाझी सलाम करायचा. हात उचलायला त्याला अर्धा तास लागतो. एकेक मिलिमीटर. गोबेल्स नाटक पाहावं तसा पाहतो, कौतुक नाही की नापसंती नाही. हात एकदाचा वर पोचतो तेव्हा तो म्हणतो, तुमचा सलाम मला नको आहे. आणि वळून दाराकडे चालू लागतो. मालक आपल्याच कारखान्यात, आपल्याच माणसांच्या मधोमध, हात वर करून तसाच उभा. लंगडत जाणाऱ्या गोबेल्सच्या पायावर नजर खिळवल्यामुळेच त्याला उभं राहता येतं.

या स्वप्नात तो एक शब्दही बोलत नाही, हे मला सर्वांत बोलकं वाटतं. 'मी सलाम करणार नाही' हे वाक्य त्याला म्हणता येत नाही, म्हणून ते त्याच्या हातात उतरतं. हात अर्धा तास नकार देतो. शेवटी तोही हरतो आणि हरल्यावर कळतं की समोरच्याला शरणागतीचीही गरज नव्हती. अजून अटका व्हायच्या होत्या, कायदे व्हायचे होते. पुढची वर्षं कशी जाणार हे या माणसाच्या झोपेला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. हे स्वप्न त्याला पुन्हा पुन्हा पडत राहिलं आणि दर खेपेला अपमानाचा एखादा नवा तपशील त्यात जोडला जाई.

बोलण्याबद्दलची स्वप्नं या संग्रहात जागोजाग आहेत. एका गृहिणीच्या स्वप्नात घरातली शेगडी कर्कश आवाजात बोलू लागते आणि सरकारविरुद्ध घरात मारलेला प्रत्येक विनोद शिपायाला ऐकवते. दुसऱ्या एका व्यक्तीला स्वप्न पडतं की आपण झोपेत रशियनमध्ये बोलतोय. मुळात रशियन येत नाही, झोपेत बडबडायची सवयही नाही. पण सरकारबद्दल काही तोंडून गेलंच, तर ते स्वतःलासुद्धा कळू नये म्हणून ही व्यवस्था. आणखी एकाला कळतं की स्वप्न पाहण्यावरच बंदी आहे, म्हणून तो फक्त चौकोन, त्रिकोण आणि अष्टकोन पाहतो.

या सगळ्यांत आवाज कुणी दाबला? शिपाई दारात आलेला नाही. झोपलेला माणूस स्वतःच स्वतःचा पहारेकरी झाला आहे. बेराटचं म्हणणं होतं की या स्वप्नांना गुप्त अर्थ नाहीत. बालपण, आईवडील, लैंगिकता यांच्यात मुळं शोधायची गरज नाही, कारण जे घडतंय ते चौकात घडतंय आणि स्वप्न त्याचंच चित्र काढतंय. इंग्रजी आवृत्तीला ब्रूनो बेटलहाइम या मनोविश्लेषकाने जोडलेल्या निबंधात थोडा वेगळा सूर लावला आहे. त्याच्या मते बाहेरची दहशत आतल्या जुन्या भीतीला जाऊन मिळते, तेव्हाच ती इतकी खोल उतरते. माझा कल बेराटकडे आहे. मुक्या स्वप्नात लपवाछपवी फार कमी असते. दिवसा आपण वाक्य गिळतो, रात्री ते गिळणंच दिसतं.

आता दुसऱ्या जातीचं स्वप्न, ज्यात आवाज असतो पण ऐकणारं कुणी नसतं. त्याची सर्वांत नेमकी नोंद प्रिमो लेव्ही या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने करून ठेवली आहे. तो तूरिनचा. १९४४ च्या फेब्रुवारीत त्याला ऑश्विट्झला नेलं गेलं. छावणीतल्या पुन्हा पुन्हा पडणाऱ्या स्वप्नाबद्दल त्याने लिहिलं आहे. तो घरी पोचला आहे. बहीण आहे, एक धूसर ओळखीचा मित्र आहे, आणखी पुष्कळ लोक आहेत. तो सांगतोय. कडक फळी, शेजारी झोपणारा दांडगा माणूस, भूक, उवांची तपासणी, नाकावर गुद्दा मारणारा मुकादम. घरी असण्याचा, सांगता येण्याचा आनंद अंगभर आहे. आणि मग लक्षात येतं की कुणी ऐकत नाही. तो जणू तिथे नाहीच, अशा रीतीने लोक आपापसांत दुसरंच काही बोलत आहेत. बहीण त्याच्याकडे पाहते, उठते आणि एक शब्दही न बोलता निघून जाते.

जागा झाल्यावर त्याने हे आपल्या मित्राला, आल्बेर्तोला, सांगितलं. आल्बेर्तो म्हणाला, मलाही हेच स्वप्न पडतं. पुढे कळलं की आणखी अनेकांना पडतं. छावणीत मरणाची भीती चोवीस तास होती, तरी या माणसांना रात्री छळत होती ती सुटकेनंतरची भीती. आपण सांगू आणि कुणी ऐकणार नाही. ती खोटीही नव्हती. लेव्हीचं पुस्तक मोठ्या प्रकाशनाने नाकारलं. १९४७ मध्ये एका लहान प्रकाशकाने अडीच हजार प्रती काढल्या. ज्या मोठ्या प्रकाशनाने आधी नकार दिला होता, त्याने ते १९५८ मध्ये छापलं आणि मग जगाने वाचलं.

बेराटच्या कारखानदाराला बोलायची भीती होती. लेव्हीला बोलायचं होतं, भीती होती ऐकणाऱ्यांची. स्वतःचं स्वप्न पाहताना हा फरक उपयोगी पडतो. आवाजच निघत नसेल, तर विचारावं: आत्ता कुठलं वाक्य माझ्या तोंडाशी येऊन थांबतंय? आवाज निघतोय पण पोचत नसेल, तर प्रश्न बदलतो: मी सांगितलेलं कुणी कानाआड केलं? स्वप्नात समोर कोण होतं हे पाहावं, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. साहेबाची भूमिका स्वप्नात शाळेतल्या मास्तरांना मिळते, असं नेहमी होतं. भावना मात्र सहसा बदललेली नसते. लाज असेल तर लाज, चीड असेल तर चीड.

आणि प्रत्येक मुक्या स्वप्नामागे दाबलेलं दुःख शोधत बसू नये. रात्री उशिरा जेवण, दोन दिवसांचं जागरण, बदललेली औषधं, ताप, एवढ्यानेही अशी स्वप्नं पडतात. एकदा पडून गेलेल्या स्वप्नाला फारसा अर्थ देऊ नये. तेच स्वप्न आठवड्यामागून आठवडा परत येत असेल, उठल्यावर दिवसभर त्याचं सावट राहत असेल, झोपायलाच नको वाटत असेल, तर मात्र त्याच्याकडे बघावं.

बघायचं म्हणजे काय करायचं, याची एक तपासलेली रीत आहे. बॅरी क्राकाव या अमेरिकन डॉक्टरने तिचा वापर लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी केला. १६८ स्त्रियांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन बैठकांत शिकवलेल्या या पद्धतीने त्यांची दुःस्वप्नं स्पष्टपणे कमी झाली, झोप सुधारली. पद्धत इतकी साधी आहे की प्रथम ऐकताना विश्वास बसत नाही. दिवसा, जागेपणी, स्वप्न बदलून लिहायचं आणि त्या बदललेल्या स्वप्नाची मनात तालीम करायची.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पन्नाशीच्या एक बाई. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, सगळं करणं यांच्याकडे. धाकटे दीर बंगळूरला. औषधांचा खर्च, रात्रपाळीच्या आयाचा पगार याबद्दल त्यांच्याशी बोलायचं कितीदा ठरवलं, पण फोनवर बोलणं हवापाण्यावरच संपतं. घरात विषय काढला की यजमान म्हणतात, 'जाऊ दे ना, कशाला वाद.' स्वप्न असं पडतं: दिरांना फोन लावलाय, मागे सासूबाई कण्हतायत, या सांगतायत आणि पलीकडून ते हसत म्हणतायत, 'वहिनी, आवाज तुटतोय, नंतर बोलू.' परत लावावा तर नंबरातला शेवटचा आकडा दिसतच नाही.

बाईंनी आधी हे स्वप्न वर्तमानकाळात, जसंच्या तसं लिहून काढायचं. मग त्यात हवा तो बदल करायचा. दिरांना झापलंच पाहिजे असं नाही. बदल कुठूनही करता येतो. आवाज तुटतोय म्हटल्यावर त्या फोन ठेवतात, वहीत तीन ओळी लिहितात, कागदाची घडी करून खिडकीतून टाकतात आणि तो थेट दिरांच्या जेवणाच्या टेबलावर पडतो. स्वप्नाला हे चालतं. नवं स्वप्नही नीट लिहून काढायचं आणि रोज दिवसा दहा ते वीस मिनिटं डोळे मिटून ते पाहायचं. खिडकीची कडी, कागदाचा रंग, दिरांचा चेहरा, सगळं. जुनं स्वप्न उगाळायचं नाही. एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त स्वप्नं हाताळायची नाहीत आणि सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नाने करायची नाही. काही आठवड्यांत स्वप्न येणं कमी होतं, किंवा येतं पण वेगळं वळण घेतं. झालेल्या अत्याचाराचं, अपघाताचं स्वप्न असेल तर हे एकट्याने न करता समुपदेशकाबरोबर करावं.

याने दीर पैसे पाठवू लागतील असं नाही. स्वप्न सुधारलं म्हणून घर सुधारत नाही. 'मनात ठेवू नका, बोलून टाका' हा सल्ला देणाऱ्याला फुकट पडतो, घेणाऱ्याला महाग पडू शकतो. बेराटला स्वप्नं सांगणारी माणसं भित्री होती म्हणून गप्प नव्हती. बोलण्याची किंमत त्यांना माहीत होती. आपल्याकडेही नोकरी जाईल, माहेरी परत पाठवतील, या भीतीत नेहमीच खोटं काही नसतं. पण त्या बाईंनी वहीत लिहिलेल्या तीन ओळी एव्हाना तयार आहेत. त्या दिरांना सांगायच्या, नणंदेला की कुणालाच नाही, हे त्या दिवसाउजेडी ठरवू शकतात.

शेवटी डॉक्टरांचा भाग, कारण इथे गल्लत होते. डोळे उघडे आहेत, आपलीच खोली दिसतेय, पंखा फिरतोय, पण अंग हलत नाही, आवाज निघत नाही, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं, तर ते स्वप्न नसून झोपेतला लकवा आहे. रेम झोपेचा बांध उठायला क्षणभर उशीर झालेला असतो. काही सेकंदांत, फार तर दोन-चार मिनिटांत तो जातो, दर शंभरांत सात-आठ जणांना आयुष्यात कधीतरी होतो आणि जागरण किंवा उताणं झोपणं याने वाढतो. तो धोकादायक नसतो. शेजारच्याने हात लावून नावाने हाक मारली की बहुधा सुटतो. याच्या उलट, पन्नाशीनंतर एखादी व्यक्ती झोपेत खरोखर ओरडू लागली, हातपाय झाडू लागली, पलंगावरून पडू लागली, तर तिला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावं. तिथे बांध फुटलेला असतो आणि तो पुढच्या काळातल्या पार्किन्सनची आगाऊ सूचना असू शकतो. मोठं घोरणं आणि मध्येच श्वास अडकून गुदमरत उठणं हे तिसरंच प्रकरण, त्याची झोपेची तपासणी होते.

यांपैकी काही नसेल, पण तेच स्वप्न झोप खात असेल आणि बोलायला घरात कुणी नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि तिथे मराठीत बोलता येतं.